शिवीची जहालता मोजायची कशी?

ब्रिटिश टीव्हीवर रात्री नऊच्या आधी कोणता शब्द चालेल आणि कोणता नाही, हे ठरवण्यासाठी तिथल्या नियामकांना लोकांचं मत लागतं. त्यातूनच 'सर्वांत जहाल शिवी कोणती' हे मोजणारी सर्वेक्षणं आली. 2000 सालचं सर्वेक्षण त्यातलं गाजलेलं. बीबीसी आणि नियामक संस्थांनी ते मिळून केलं. पद्धत साधी होती. शब्द समोर ठेवायचा आणि विचारायचं: हा अतिशय जहाल आहे, बराच जहाल, सौम्य, की ही शिवीच नाही?

आधीच्या 1998च्या क्रमवारीशी ताडून पाहिलं, तर पहिले चार क्रमांक जागचे हलले नव्हते. ते सगळे लैंगिक शब्द. पण कृष्णवर्णीयांसाठीची वंशवाचक शिवी अकराव्यावरून पाचव्या क्रमांकावर गेली, आणि दक्षिण आशियाई लोकांना हिणवणारा 'पाकी' सतराव्यावरून दहाव्यावर. दोनच वर्षांत! मधे, फेब्रुवारी 1999मध्ये, वर्णद्वेषातून झालेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या पोलीस तपासावरचा मॅकफर्सन अहवाल आला होता आणि वर्णद्वेषावर देशभर चर्चा झाली होती. क्रमवारी त्यामुळेच बदलली असं सिद्ध करता येत नाही. मला मात्र हा योगायोग वाटत नाही.

नुसता शब्द दाखवून विचारण्यात एक खोट आहे. आपलं 'च्यायला' घ्या. मूळ 'तुझ्या आयला'. कागदावर छापून आजोबांपुढे ठेवलं तर ते भुवया उंचावतील, आणि बस चुकली की तेच पुटपुटतील. म्हणून न्यूझीलंडच्या सर्वेक्षणांत शब्दासोबत प्रसंगही सांगतात. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेने 2016 आणि 2021मध्ये गटचर्चाही घेतल्या आणि ज्यांना उद्देशून शिव्या दिल्या जातात त्या समाजांतली माणसं त्यात मुद्दाम बसवली. नाहीतर सरासरीत त्यांचा त्रास बुडतो. शिवाय शब्द ठाऊकच नसणाऱ्याने 'सौम्य' म्हटलं, तर तो आकडा फसवा असतो.

वयाचंही असंच. ढोबळमानाने ज्येष्ठांना लैंगिक शब्द जास्त बोचतात, तर तरुणांना एखाद्या समाजाला हिणवणारे. पण म्हातारपणी माणूस सोवळा होतो, की ती पिढीच तशी वाढली? एकदाच केलेलं सर्वेक्षण हे सांगू शकत नाही. त्यासाठी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं विचारावा लागतो. प्रश्न 'जहाल किती' वरून 'टीव्हीवर चालेल का' असा बदलला, तरी क्रमवारी हलते.

देश बदलला की हिशेबच वेगळा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं, उदाहरणार्थ 'ताबर्नाक', कडक शिव्या आहेत. फ्रान्समध्ये, भाषा फ्रेंचच असून, त्या शब्दाला तशी धार नाही. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन जाहिरातीत 2006मध्ये 'ब्लडी' शब्द होता. तिकडे तो घरगुती, पण ब्रिटनच्या टीव्ही जाहिराती तपासणाऱ्यांनी तेवढ्यावरून ती आधी अडवली आणि मग गाजावाजा झाल्यावर सोडली.