गर्भावस्था व स्तनपानकाळातील क्रिएटिन

क्रिएटिन हा शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणारा नायट्रोजनयुक्त पदार्थ असून पेशींना कमी वेळात लागणारी ऊर्जा पुरवण्याच्या कामी तो येतो. आर्जिनीन, ग्लायसीन व मेथिओनीन या अमिनो आम्लांपासून मुख्यतः मूत्रपिंड व यकृत यांच्यात तो दोन टप्प्यांत बनतो आणि त्याचा सुमारे ९५ टक्के साठा सांगाड्याच्या स्नायूंत असतो. मांस व मासे यांतूनही तो मिळतो. शाकाहारी व्यक्तीचे शरीर आपली गरज स्वतःच्या निर्मितीतून भागवते, मात्र तिच्या स्नायूंतील साठा सहसा थोडा कमी असतो. व्यायाम करणारे लोक क्रिएटिन मोनोहायड्रेटची पूड दररोज ३ ते ५ ग्रॅम घेतात, तर काही जण पहिले ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅमपर्यंत घेतात. निरोगी प्रौढांमध्ये या वापराचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. गर्भवती व स्तनदा स्त्रियांना त्या अभ्यासांतून जवळजवळ नेहमीच वगळलेले असल्याने, प्रौढांमध्ये तो सुरक्षित आढळला एवढ्यावरून या काळातील सुरक्षितता गृहीत धरता येत नाही.

गर्भावस्थेच्या संदर्भात क्रिएटिनविषयी जे कुतूहल आहे, त्याचे मूळ प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे काटेरी उंदरांवर झालेल्या प्रयोगांत आहे. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यास अर्भकाच्या मेंदूला इजा होते; गर्भाच्या पेशींत क्रिएटिनचा साठा आधीच वाढवून ठेवला तर ही इजा टाळता येईल का, असा प्रश्न तेथील संशोधकांनी हाती घेतला. गाभण माद्यांना गर्भधारणेच्या मध्यापासून ५ टक्के क्रिएटिन मिसळलेला आहार दिला असता, प्रसूतीच्या वेळी गुदमरवलेल्या पिलांपैकी अधिक पिले जगली आणि त्यांच्या मेंदूची हानीही कमी आढळली. हे निष्कर्ष खरोखरच आशा वाटावी असे आहेत. परंतु काटेरी उंदराची गर्भावस्था जेमतेम ३९ दिवसांची असते, आहारातील ५ टक्के हे प्रमाण माणसाच्या रोजच्या चमचाभर पुडीपेक्षा वजनाच्या हिशेबाने कितीतरी मोठे आहे आणि मानवी गर्भाचा मेंदू नऊ महिन्यांच्या कालावधीत वेगळ्या क्रमाने विकसित होतो. प्रयोगातील मात्रेवरून स्त्रीसाठी योग्य मात्रा काढण्याचा मार्ग त्यामुळे उपलब्ध नाही. गर्भाच्या मेंदूच्या रक्षणासाठी गर्भवतींना क्रिएटिन देण्याविषयीच्या चाचण्या वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी २०१४ मध्ये शोधल्या, तेव्हा त्यांना समाविष्ट करण्याजोगी एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी सापडली नाही.

पुरावा अपुरा असणे आणि अपाय सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्रिएटिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होते असे दाखवणारा पुरावा नाही. गर्भ असल्याचे कळण्यापूर्वी ज्या स्त्रीने ते घेतले असेल, तिने घाबरून जाण्याचे कारण नाही. ते थांबवून पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगणे पुरेसे आहे. तरीही सावधगिरीला एक ठोस, व्यवहारातील कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही, ते म्हणजे रक्ततपासणीचे वाचन.

क्रिएटिनचे शरीरात सतत क्रिएटिनिनमध्ये रूपांतर होत असते आणि ते मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाते, म्हणूनच रक्तातील क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांच्या कार्याचा निर्देशक मानला जातो. गर्भावस्थेत मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सुमारे निम्म्याने वाढते, त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन घटून साधारणपणे ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतके राहते. इतर वेळी निर्धोक वाटणारा ०.९ हा आकडा गर्भवतीच्या अहवालात म्हणूनच लक्ष वेधून घेतो. प्रीएक्लॅम्प्सिया या गंभीर विकाराच्या निदानात, वाढलेल्या रक्तदाबासोबत क्रिएटिनिन १.१ च्या वर जाणे किंवा आधीच्या पातळीच्या दुप्पट होणे, हा एक निकष आहे. क्रिएटिनच्या पुडीमुळे मूत्रपिंडे सुस्थितीत असतानाही हा आकडा थोडा वाढू शकतो.

समजा, एका गर्भवतीचे पहिल्या तिमाहीतील क्रिएटिनिन ०.५ होते. पुढे थकवा जावा म्हणून तिने कोणालाही न विचारता रोज ५ ग्रॅम क्रिएटिन सुरू केले आणि ३०व्या आठवड्यात अहवालात ०.८५ आले, त्याच भेटीत रक्तदाब नेहमीपेक्षा चढलेला, वजन अपेक्षेहून जास्त वाढलेले. क्रिएटिनमुळे शरीरात पाणी धरले जाऊन सुरुवातीला एक-दोन किलो वजन वाढू शकते आणि प्रीएक्लॅम्प्सियातही वजन झपाट्याने वाढते. पुडीची माहिती नसलेले डॉक्टर मूत्रपिंडांच्या बिघाडाचा शोध सुरू करतील. माहिती असलेल्या डॉक्टरांनाही हा सगळा बदल पुडीमुळेच झाला असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही, कारण तसे मानणे चुकीचे ठरल्यास खरा आजार नजरेतून सुटेल. त्यांना रक्तदाब पुन्हा मोजावा लागतो, लघवीतील प्रथिने, प्लेटलेट व यकृताच्या चाचण्या पाहाव्या लागतात. पूड त्याच दिवशी बंद केली तरी स्नायूंतील साठा मूळ पातळीवर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दोन-चार दिवसांनी केलेली फेरतपासणीही शंका पूर्णपणे मिटवत नाही. मूत्रपिंडांसाठी इतर वेळी उपयोगी पडणारी सिस्टॅटिन सी ही पर्यायी चाचणी येथे फारशी मदत करत नाही, कारण तिची पातळी गर्भावस्थेत आपोआप बदलते. ज्या स्त्रीला आधीपासून उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, तिच्या बाबतीत असा गोंधळ अधिक महागात पडू शकतो.

डॉक्टरांना सांगताना ‘प्रोटीन पावडर घेते’ एवढे म्हणणे पुरेसे नसते. डबाच सोबत नेणे उत्तम, कारण व्यायामापूर्वी घ्यायच्या मिश्रणांत क्रिएटिनबरोबर कॅफिन व वनस्पतींचे अर्क असू शकतात. गर्भावस्थेत दिवसभरातील एकूण कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला अनेक प्रसूतितज्ज्ञ देतात आणि अशा मिश्रणाची एकच मात्रा ती मर्यादा गाठू शकते.

स्तनपानाच्या काळातील माहिती आणखी तोकडी आहे. मातेच्या दुधात क्रिएटिन नैसर्गिकरीत्या असतेच; बाळ आपल्या गरजेचा मोठा भाग स्वतः तयार करते आणि दुधातून त्याला थोडाच वाटा मिळतो. मातेने पूड घेतल्यास दुधातील प्रमाण किती वाढते, हे स्तनदा मातांवरील चाचण्यांतून ठरलेले नाही. जास्तीचे क्रिएटिन बाळापर्यंत पोहोचल्यास त्याच्या रक्तातील क्रिएटिनिनही किंचित वाढून मूत्रपिंडांविषयीचा अंदाज चुकण्याची शक्यता राहते. जन्मतःच बाळाचे क्रिएटिनिन मातेच्या पातळीशी मिळतेजुळते असते आणि पुढील दिवसांत ते उतरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे उतरणे आधीच मंद असते. अशा बाळाच्या उपचारांसाठी बालरोगतज्ज्ञ याच आकड्यावर लक्ष ठेवत असतील, तर मातेच्या पुडीची माहिती त्यांनाही असायला हवी.

क्रिएटिन तयार करण्यातील किंवा वापरण्यातील दुर्मीळ जनुकीय दोषांसाठी ज्यांना ते औषध म्हणून दिले जाते, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गर्भधारणा झाली म्हणून अशा स्त्रीने ते आपणहून बंद करू नये; मात्रा व देखरेख चयापचय विकारांचे तज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून ठरवतात.