स्टेटलेस सर्व्हर : सेशन मशीनबाहेर का गेले

१९९४ साली कुकी आली आणि ब्राउझरला सेशनचा आयडी लक्षात ठेवता येऊ लागला. त्या आयडीमागची माहिती मात्र सर्व्हरवरच राहिली. पीएचपी ती डिस्कवर `sess_` ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये ठेवत असे, जावाचे सर्व्हर मेमरीत. एकच मशीन असेपर्यंत यात काही अडत नव्हते.

दुसरे मशीन जोडल्यावर लॉगिन एकीकडे आणि पुढची रिक्वेस्ट दुसरीकडे जाऊ लागली, आणि वापरकर्ता पुन्हा लॉगिनच्या पानावर येऊ लागला. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे स्टिकी सेशन : लोड बॅलन्सर एका वापरकर्त्याला कायम एकाच मशीनकडे पाठवतो. वाद आजही याच निर्णयावर होतो. कोडला हात लावावा लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण चार मशीनवर १२,००० जण लॉगिन आहेत असे धरा. गर्दी वाढली म्हणून पाचवे जोडले, तरी जुने वापरकर्ते आपापल्या मशीनलाच चिकटून राहतात आणि पाचव्याकडे फक्त नवे येतात. रात्री एक मशीन काढले, तर त्यावरचे सुमारे ३,००० जण एका क्षणात बाहेर फेकले जातात, कार्टसकट. आयपीवरून चिकटवले असेल तर एकाच आयपीमागचे अख्खे ऑफिस एका मशीनवर कोसळते. तात्पुरती सोय म्हणून स्टिकी ठीक, पाया म्हणून नाही.

२००६ नंतर मशीन तासाच्या भाड्याने मिळू लागली आणि हा दोष झाकणे अशक्य झाले. उपाय म्हणजे सेशन सगळ्या मशीनना वाचता येईल अशा एका सामाईक जागी, मशीनबाहेर ठेवणे. २००३ पासून मेमकॅश्ड होतेच, पण ते कॅश आहे : मेमरी भरली की जुन्या नोंदी न सांगता टाकून देते. २००९ मध्ये रेडिस आले, त्यात डेटा डिस्कवरही ठेवता येतो. पीएचपीत बदल दोन ओळींचा :

```
session.save_handler = redis
session.save_path = "tcp://10.0.0.5:6379"
```

‘स्टेटलेस’ हा शब्द इथेच फसवतो. स्टेट नाहीसे झालेले नसते, त्याने फक्त घर बदललेले असते. अॅपचे कुठलेही मशीन आता बिनघोर बंद करता येते, रेडिसचे नाही.

या दोन ओळींत आणखी एक गोष्ट निसटते. पीएचपी सेशनची फाइल रिक्वेस्ट संपेपर्यंत लॉक करून ठेवते; रेडिसच्या हँडलरमध्ये हे लॉक मुळात बंद असते. पानावरून दोन रिक्वेस्ट एकदम गेल्या की दोन्ही जुनेच सेशन वाचतात आणि उशिरा लिहिणारी आधीचीवर लिहून टाकते. कार्टमध्ये टाकलेली वस्तू अधूनमधून गायब होते, पण एरर लॉग कोरा असतो. अशी तक्रार आली की आधी `redis.session.locking_enabled` चे मूल्य पाहावे.