ताण फक्त परमाडेथमध्येच?

“चेकपॉइंट असला की गेममधला ताण संपतो, खरी धडधड फक्त परमाडेथमध्येच,” असं म्हणतात. चेकपॉइंट म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा खेळता येतं ती जागा, आणि परमाडेथ म्हणजे मेलात की सगळं पहिल्यापासून.

पण ताण ठरतो तो मेल्यावर काय हातचं जाणार यावर. ‘स्पेलंकी’ या परमाडेथच्या गेममध्ये मेलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पण पहिल्याच मिनिटाला मेलात तर जातं एक मिनिटच, म्हणून तिथे खेळाडू बिनधास्त उड्या मारतो. तोच पुढच्या टप्प्यांत पाऊल जपून टाकतो.

‘डार्क सोल्स’ या गेममध्ये बॉनफायर हा चेकपॉइंट असतो. तरी मेल्यावर जवळचे सोल्स, म्हणजे गेममधलं चलन, जिथे मेलात तिथेच पडतात आणि ते उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात.

स्वतः पडताळा: एकच वाट आधी शून्य सोल्स घेऊन चाला, मग दहा हजार घेऊन. दुसऱ्या खेपेला ढाल किती लवकर वर जाते ते बघा. चेकपॉइंट तोच, शत्रूही तेच.

मात्र बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, दारातच चेकपॉइंट असेल आणि गमावण्यासारखं काहीच नसेल, तर ताण खरोखर ओसरतो.