भागीदारी संस्था बंद करताना वसुली खाते कसे लिहायचे

एक भागीदार निघून गेला आणि दुकान चालूच राहिले, तर पुनर्मूल्यांकन खाते लागते. वसुली खाते उघडायचे ते संस्थाच मोडली, म्हणजे माल विकून देणी भागवायची वेळ आली, तरच. भागीदारी कायदा 1932 च्या कलम 40 नुसार सगळ्यांच्या संमतीने संस्था मोडता येते. त्यासाठी मूळ भागीदारी करार, विसर्जन करार, मोडण्याच्या तारखेचा ताळेबंद, विक्रीची बिले, बँकेचा उतारा आणि ज्यांचे देणे भागवले त्यांच्याकडून 'बाकी नाही' अशी पत्रे जवळ ठेवा.

समजा, नाशिकच्या भांडी बाजारात दोन भावांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. नफावाटणी 3:2. ताळेबंदात माल 2,40,000, फर्निचर 60,000, ग्राहकांकडून येणे 1,00,000 आणि बँकेत 20,000. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्यांचे देणे 80,000, बुडीत व संशयित कर्ज निधी 5,000, थोरल्या भावाने संस्थेला दिलेले कर्ज 35,000 आणि भांडवल थोरल्याचे 1,80,000, धाकट्याचे 1,20,000.

आधी माल, फर्निचर आणि येणे पुस्तकी किमतीने वसुली खात्याच्या नावे टाका: 4,00,000. बँक शिल्लक इथे येत नाही, कारण तिची वसुली करायची नसते. व्यापाऱ्यांचे देणे आणि निधी, असे 85,000 जमा बाजूला.

आता विक्री. माल 2,10,000 ला गेला, उधारी 90,000 आली. दोन्ही रकमा बँकेच्या नावे, वसुली खात्यात जमा. फर्निचर धाकट्याने 45,000 ला घरी नेले. बँकेत काहीच आले नाही, म्हणून ती रक्कम त्याच्या भांडवल खात्याच्या नावे आणि वसुली खात्यात जमा. ही नोंद हमखास सुटते. व्यापाऱ्यांनी 78,000 वर हिशेब मिटवला, खर्च 7,000 झाला. दोन्ही वसुली खात्याच्या नावे.

नावे बाजू 4,85,000, जमा 4,30,000. तोटा 55,000: थोरल्याचा 33,000, धाकट्याचा 22,000.

थोरल्याचे कर्ज वसुली खात्यात आणू नका. आणले आणि तिथूनच फेडले, तरी बेरीज जुळते, म्हणून चूक दिसत नाही. पण कलम 48 चा क्रम पुसला जातो: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराचे कर्ज, शेवटी भांडवल. हेच कर्ज त्याच्या पत्नीने दिले असते तर ते बाहेरचे देणे ठरून वसुली खात्यात गेले असते.

कर्ज फेडल्यावर बँकेत 2,00,000 उरतात. थोरल्याचे 1,47,000 आणि धाकट्याचे 53,000 मिळून तेवढेच होतात. बँकेत नेमके 5,000 जास्त दिसले, तर निधी जमा बाजूला टाकायचा राहिला आहे.

दोघांना पैसे दिले की बँक खाते शून्यावर येते. संस्था नोंदणीकृत असेल, तर फर्म निबंधकाला विसर्जनाची सूचना द्या, राजपत्रात आणि स्थानिक मराठी दैनिकात जाहीर नोटीस छापा. ती निघेपर्यंत एका भावाने दुकानाच्या नावावर उधार माल उचलला, तर दुसराही त्या देण्याला बांधील राहतो.