नारळी पौर्णिमेला श्रावण संपत नाही

"नारळी पौर्णिमेला श्रावण संपला, मग पोळा श्रावणातला कसा?"

पौर्णिमेला संपतो तो उत्तरेचा सावन. आपला महिना अमावास्येला संपतो, गोव्यातही. २०२४ चं पाहा: उत्तरेत सावन २२ जुलैला लागला, आपला श्रावण ५ ऑगस्टला. ९ तारखेला शुद्ध पंचमी, म्हणजे नागपंचमी; घरभर वाफवलेल्या हळदीच्या पानांचा वास आणि ताटात पातोळ्या. १९ ला पौर्णिमा, आपली सुतांपुनव. जानवी बदलली की अनेकजण श्रावण सोडतात, तिथेच चूक होते. अजून अख्खा वद्य पक्ष उरलेला असतो, गोकुळाष्टमी त्यातच येते. पोळा २ सप्टेंबरच्या अमावास्येला होता, आणि पाचव्या दिवशी चवथ.