विचलनाचा वर्ग का करायचा? प्रचरण आणि सहप्रचरणामागचा जुना वाद

फाशाची सरासरी 3.5 येते, हे शाळेतच कळते. त्यामागचा प्रश्न मात्र जुगाराच्या टेबलावरचा आहे. खेळ अर्ध्यावर मोडला तर मांडलेली रक्कम कशी वाटायची, यावर 1654 मध्ये दोन फ्रेंच गणितींचा पत्रव्यवहार झाला. झालेल्या डावांचा हिशेब न बघता पुढे काय काय होऊ शकले असते ते मोजा, असे उत्तर निघाले. 1657 मध्ये त्यावर छापील पुस्तिका आली आणि अपेक्षित मूल्याची, म्हणजे सगळ्या शक्यता धरून काढलेल्या सरासरीची, कल्पना रुळली. तिच्याबद्दल पुढे फारसे भांडण झाले नाही. भांडण झाले ते पसरण कशी मोजायची यावर.

प्रत्येक दान 3.5 पासून किती दूर पडते, हे मोजण्याच्या दोन रीती आहेत. अंतराचे चिन्ह सोडून सरासरी घेतली तर 1.5 येते. अंतराचा वर्ग करून सरासरी घेतली तर 35/12, म्हणजे सुमारे 2.92 येते. हेच प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स. पहिली रीत सरळ आणि समजायला सोपी आहे. मग वर्गाचा आडवळणी मार्ग कशाला?

1816 मध्ये एका जर्मन गणितज्ञाने याचे एक उत्तर दिले. मोजमापातल्या चुका घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेल्या असतील, तर वर्गाच्या रीतीने 100 मोजमापांतून पसरण मोजण्यात जितकी अचूकता मिळते, तितकीच मिळवायला साध्या अंतरांच्या रीतीला 114 मोजमापे लागतात. तरीही 1914 मध्ये एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिले, की प्रत्यक्ष कामात साधी अंतरेच बरी. 1920 मध्ये एका संख्याशास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांनी निकाल लागला असे धरले. मात्र 1960 मध्ये दिसून आले, की हजारात दोन मोजमापे जरी तिप्पट पसरणीची मिसळली, तरी वर्गाची आघाडी संपते आणि साधी अंतरे पुढे जातात. म्हणजे खगोलशास्त्रज्ञाचा अनुभव खोटा नव्हता. खरी मोजमापे त्या वक्राइतकी स्वच्छ नसतात.

माझ्या मते अचूकतेचा हा मुद्दा मुळी दुय्यमच आहे. वर्गाचे खरे बळ बेरजेत आहे. दोन फासे टाका. बेरजेची सरासरी 7. साध्या अंतरांनी मोजलेली पसरण 1.5 वरून 70/36, म्हणजे सुमारे 1.94 होते. एका फाशाच्या 1.5 वरून ही संख्या काढण्याचा कोणताही सर्वसाधारण नियम नाही. 36 जोड्या मांडूनच ती मिळते. प्रचरण मात्र 35/12 अधिक 35/12, म्हणजे बरोबर 35/6. दहा फासे असोत की हजार, एकमेकांवर परिणाम करत नसतील तर नुसती बेरीज करायची. 1918 मध्ये ‘व्हेरियन्स’ हे नाव प्रथम आले तेही आनुवंशिकतेवरच्या लेखात, कारण तिथे एकूण फरकाचे कारणांनुसार वाटे पाडायचे होते. बेरीज जुळत नसेल तर वाटे पडत नाहीत.

आता एकाच फाशाची वरची आणि खालची बाजू घ्या. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी 7 असते, म्हणून या बेरजेचे प्रचरण शून्य. पण प्रत्येक बाजूचे प्रचरण 35/12 आहेच. मग ते गेले कुठे? बेरजेच्या अंतराचा वर्ग उलगडला की दोन्ही वर्गांखेरीज दोन अंतरांच्या गुणाकाराचे दुप्पट पद उरते. त्या गुणाकाराची सरासरी म्हणजे सहप्रचरण. इथे ते उणे 35/12 आहे. दुप्पट केले की दोन्ही प्रचरणे खाऊन टाकते.

दुकानाचा नफाही असाच चालतो. समजा, पावसाच्या दिवशी छत्र्यांवर 500 नफा आणि थंड पेयांवर 200; कोरड्या दिवशी अनुक्रमे 100 आणि 400. दोन्ही प्रकारचे दिवस सारखेच संभवतात. दोन्ही मालांचा अपेक्षित नफा 300, मिळून 600. प्रचरणे 40,000 आणि 10,000. सहप्रचरण उणे 20,000, कारण एकाचे अंतर 200 वर जाते तेव्हा दुसऱ्याचे 100 खाली येते. म्हणून एकूण प्रचरण 50,000 वजा 40,000, म्हणजे 10,000. पडताळा सोपा आहे: रोजचा एकूण नफा 700 किंवा 500, सरासरीपासून 100 वर किंवा खाली. नुसती छत्र्यांची विक्री यापेक्षा दुप्पट हेलकावे खाते. 1952 मध्ये गुंतवणुकीचा सिद्धांत याच हिशेबावर उभा राहिला.

सहप्रचरण शून्य आले की दोन गोष्टींचा संबंधच नाही, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो चूक आहे. दोन फाशांची बेरीज आणि पहिल्यातून दुसरा वजा करून येणारा फरक यांचे सहप्रचरण शून्य असते. पण बेरीज 12 आली असे कळले, की फरक शून्यच असला पाहिजे. बेरीज 7 असेल, तर फरक शून्य असूच शकत नाही.