उपासाला डोकं दुखतं, ते साखर कमी झाल्यामुळेच का?

(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी, सांगली)

संकष्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर आमच्या काउंटरवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, "डोकं चढलंय, साखर कमी झाली असणार, एखादी गोळी द्या." आम्ही गोळीच्या आधी बोटाला सुई टोचून साखर बघायला सांगतो. बहुतेक वेळा मशीनवर ८०, ८५, ९० असे आकडे येतात, म्हणजे साखर कमी नसते. ठणकणारं डोकं मात्र खरंच असतं. मग ते दुखतं कशानं, हे नीट सांगण्यासाठी हे पत्रक काढलं.

एका ताईंचं उदाहरण घेऊ. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतात, वय चाळिशीच्या पुढे, मधुमेह नाही. दर संकष्टीला दुपारी चारच्या सुमारास कपाळावर पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागतं आणि चंद्रोदय होऊन जेवण झालं तरी झोपेपर्यंत जात नाही. एका चतुर्थीला पाच वाजता त्या दुकानात आल्या तेव्हा साखर निघाली ८४. आम्ही दिवसभराचं विचारत गेलो. आदल्या रात्री नऊला जेवण. सकाळपासून पोटात एक केळं आणि दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी. पाणी? "कामात राहूनच गेलं, दोन पेले झाले असतील." आणि चहा? एरवी पेढीवर दिवसाला चार-पाच कप होतात. उपासाला चहा चालतो, पण बाहेरचा नको म्हणून त्या दिवशी एकही नाही. शेवटचा चहा आदल्या दिवशी संध्याकाळी पाचचा. म्हणजे बरोबर चोवीस तास झाले होते.

खरी गोष्ट इथेच आहे. जेवल्यावर चार-पाच तास रक्तातली साखर अन्नातून येते. त्यानंतर यकृत आपल्या कोठारातून ती सोडायला लागतं. कणगीतलं धान्य काढतात तसं. धडधाकट माणसाच्या यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम साखर अशी साठवलेली असते. ती संपत आली की यकृत प्रथिनांपासून वगैरे नवी साखर तयार करतं. त्यामुळे मधुमेहाचं औषध न घेणाऱ्या माणसाची साखर एका दिवसाच्या उपासानं घातक पातळीला सहसा जात नाही. आठ तासांपेक्षा जास्त पोट रिकामं राहिलं की डोकं दुखतं, सगळीकडे पसरल्यासारखं, ठोके न मारणारं, आणि खाल्ल्यावर हळूहळू उतरतं. डोकेदुखीच्या वैद्यकीय वर्गीकरणात याला उपासाची डोकेदुखी असा वेगळा प्रकारच आहे. साखर नॉर्मल असतानाही ती होते. तास जितके वाढतील तितकी शक्यता वाढते आणि ज्यांचं डोकं एरवीही दुखतं त्यांना हा त्रास अधिक होतो.

त्यात चहाची भर पडते. रोज चहा पिणाऱ्यानं तो एकदम बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं. आळस येतो, चिडचिड होते. हे कॅफिनचं काम आहे, साखरेचं नव्हे. उपासाचं दुखणं आणि चहाचं दुखणं एकाच वेळी आलं तर कुठलं किती, हे वेगळं काढता येत नाही. पण चहाचं दुखणं टाळणं आपल्या हातात आहे.

पुढच्या संकष्टीला त्या ताईंनी काय केलं? सकाळी सातला घरचा एक कप चहा, दुपारी थर्मासमधला अर्धा कप. बाटली टेबलावर ठेवून दीड-दोन तासांनी एक पेला पाणी. साडेबाराला उकडलेलं रताळं आणि वाटीभर दही. चारला मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि थोडे तासगावचे बेदाणे. साडेसहाला एक पेला ताक, सैंधव घालून. डोकं दुखलं का? दुखलं, पण संध्याकाळी सातनंतर आणि बरंच कमी. गोळी लागली नाही. पूर्ण जाईल असं आम्ही सांगितलंही नव्हतं.

उपासाला चहा अजिबात चालत नसेल, म्हणजे निर्जळी हरतालिका वगैरे, तर आधीच्या चार-पाच दिवसांत रोज अर्धा-एक कप कमी करत आणा. एकदम पाचवरून शून्यावर आलात तर डोकं त्याची वसुली करतंच.

साबुदाण्याबद्दल दोन शब्द. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात प्रथिनं नावालाच. तो लवकर पचतो, साखर भराभर वर जाते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. खिचडीत शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घाला, बरोबर दही घ्या, म्हणजे ती जास्त वेळ टिकते. भगर-आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी आम्हाला साबुदाण्याहून बरी वाटते. बटाट्याच्या वेफर्सवर दिवस काढू नका. त्यातल्या मिठानं तहान लागते आणि पोट भरत नाही.

गोळी घ्यायची तर

रिकाम्या पोटी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. पोटाला अल्सर होण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतो. उपासाच्या दिवशी मागितली तर आम्ही ती देत नाही, रागावलात तरी चालेल. पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी भरपूर पाण्याबरोबर घेता येते. दुसरी घ्यायची तर सहा तासांनी. यकृताचा आजार असेल, दारूची सवय असेल किंवा सलग दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच. गोळीनं उपास मोडतो का, हे तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या ओळखीचे बहुतेक लोक औषध आणि पाणी चालतं असंच मानतात.

एका बाजूनं ठोके मारल्यासारखं दुखतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, उलटी होते आणि मग थोडं बरं वाटतं, याला आपल्याकडे सरसकट 'पित्त' म्हणतात आणि पित्ताची गोळी मागतात. यातली बरीच अर्धशिशी असते. उपाशी राहणं, जेवणाची वेळ चुकणं हे तिचं नेहमीचं निमित्त. अशांनी दिवसा चार-पाच तासांहून जास्त वेळ पोट रिकामं ठेवू नये. महिन्यात चार-पाचदा असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. प्रत्येक वेळी काउंटरवरून गोळी नेऊ नये. महिन्यात दहा-पंधरा दिवस डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांचं वेगळं आहे

वर साखरेला दोष देऊ नका म्हटलं, ते तुमच्यासाठी नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन खाणं न बघता साखर खाली ओढतात. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर तेवढ्यानं क्वचितच धोक्यापर्यंत उतरते. आपल्या गोळीत काय काय आहे हे पत्त्याच्या मागे लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर पत्ता घेऊन या, आम्ही सांगू.

आमच्याच एका ग्राहकांचं झालेलं सांगतो. एकादशीला काकांनी नेहमीप्रमाणे सकाळची गोळी घेतली आणि अकराला वाटीभर भगर खाल्ली, बस्स. चारला डोकं दुखतंय म्हणून आडवे झाले. घामानं बनियन भिजलं, हात थरथरायला लागले आणि बोलायला गेलं की उगाच चिडायला लागले. घरच्यांनी आधी पेढा दिला, मग साखरपाणी. वीस मिनिटं झाली तरी फरक नाही. मुलगा धावत आला. घरच्या मशीनवर ५८.

पेढ्यातल्या तुपा-दुधानं साखर रक्तात उशिरा पोचते. पण साखरपाण्यानंही का उतार पडला नाही? काकांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज होतं. हे औषध साध्या साखरेचं विघटन आतड्यात मंदावतं, म्हणून साखर किंवा गूळ दिला तरी काम लवकर होत नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडरच लागते. ती पचायची नसते, तशीच शोषली जाते. अकार्बोज घेणाऱ्यांचंही तसंच. आम्ही १५ ग्रॅम पावडर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पेलाभर पाण्यातून द्यायला सांगितली. पंधरा मिनिटांनी आकडा ७६ झाला. मग लगेच दूध आणि केळं, कारण ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. त्यांनी रात्री झोपण्यापूर्वी आणखी दोनदा तपासली.

साधारण हिशेब असा. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मशीन हाताशी नसेल आणि घाम, थरथर, धडधड असेल तर आकड्याची वाट न बघता आधी ग्लुकोज द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. उपास तिथेच सोडा, तो पुढच्या महिन्यात परत येतो.

उपासाआधी चार-पाच दिवस डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी कुठली गोळी वगळायची, कुठली रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची, इन्सुलिनचे युनिट किती कमी करायचे. मनानं बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी घेत असाल तर हे विचारल्याशिवाय निर्जळी उपास करूच नका. शरीरातलं पाणी तर उतरतंच, शिवाय साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात-पाय जड पडला, ताप येऊन मान ताठ झाली, किंवा गरोदर बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती उपासाची डोकेदुखी नाही. थेट दवाखाना गाठा. नीट खाल्ल्यावर तीन दिवसांनीही डोकं उतरलं नसेल तरी दाखवा.

दुकानात साखर तपासून मिळते, त्यासाठी उपास सोडावा लागत नाही. चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री नऊच्या आसपास असतो, म्हणून संकष्टीला आम्ही साडेदहापर्यंत शटर उघडं ठेवतो. ग्लुकोज पावडरचं पाकीट मात्र तेव्हा आणायला येऊ नका. आजच नेऊन घरात, चटकन सापडेल असं ठेवा.